एका बीमच्या दोन आकृत्या

माझ्या लग्नपत्रिकेत एक खोटी गोष्ट छापलेली आहे, आणि ती छापली माझ्या सख्ख्या वडिलांनी. नवऱ्या मुलाच्या नावापुढे कंसात ‘डी.एम.ई.’ म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमा. मुलाने बोलणी चालू असतानाच स्पष्ट सांगितलं होतं, की एक विषय राहिलाय. बाबा पेठ वडगावला शाळेत मास्तर. शिक्षणावर त्यांचा फार जीव. म्हणाले, “एकच ना? तो काय, सुटेल लग्नापर्यंत.” पत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या, अक्षता पडल्या. विषय काही सुटला नाही.

तो विषय म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, कुठला माल किती ताण सोसतो त्याचं शास्त्र. आणि दैवाचा खेळ असा, की पुढे मी तोच विषय शिकवायला लागले.

हे सगळं सांगायचं तर थोडं मागचं सांगावं लागेल. लग्न झालं तेव्हा माझा नुसता डिप्लोमाच होता. पुढे शिकायची हौस होती, पण सासरी कसं बोलायचं म्हणून मी गप्प. यांनीच एक दिवस कॉलेजचा फॉर्म आणून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. शिरोली एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हे तेव्हा वेल्डर होते, आता फोरमन आहेत. शेडचे ट्रस, क्रेनचे गर्डर, टाक्यांचे स्टँड असलं अवजड काम. माझी डिग्री होईपर्यंत यांनी ओव्हरटाइम केला आणि आपला राहिलेला विषय ‘पुढच्या खेपेला’ म्हणत ढकलला. मग मी इथल्या एका पॉलिटेक्निकला नोकरीला लागले. मी मॅडम झाले आणि हे एका विषयाने अडलेले राहिले. माहेरी गेलं की बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत, “आमचे जावई इंजिनिअर.” ते ऐकलं की हे चप्पल घालून अंगणात जायचे आणि चहा झाला तरी आत यायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. रागही यायचा. बाबांचा, यांचा, आणि थोडा माझा स्वतःचा.

गेल्या वर्षी बोर्डाचं पत्रक आलं. जुन्या अभ्यासक्रमाच्या राहिलेल्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी. यानंतर तो अभ्यासक्रम कायमचा बंद, म्हणजे आधीचे सगळे पास झालेले विषयही पाण्यात. मी स्टाफरूममध्ये ते पत्रक वाचलं आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या यांच्यापुढे धरलं.

“ह्या वयात परीक्षा?” हे म्हणाले. “पोरं हसतील की.”

“हसू देत. मी शिकवते.”

“तू? मग तर न्हाईच.”

“का? वर्गात साठ जणांना शिकवते, एकाला येणार नाही?”

“साठ जण तुझ्या हातचं जेवत न्हाईत,” हे म्हणाले. पण फॉर्म भरला.

सकाळी पाच ते साडेसहा अशी आमची शाळा ठरली. स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोर जमिनीवर पाट, पाटावर वही. सासूबाई चहा ठेवायला यायच्या आणि आमच्याकडे बघून मान हलवायच्या. “चाळिशीत ल्योक पाटावर बसलाय अन् सून मास्तरीन,” त्या म्हणायच्या, “काय दिवस आलं म्हनायचं.” पण चहात आलं मात्र दुप्पट पडायला लागलं होतं.

पहिल्या आठवड्यातच कळलं, की यांना विषय येत नाही असं अजिबात नाही. लोखंड किती ताण घेतं, कुठलं सेक्शन, म्हणजे कुठल्या आकाराचं लोखंड, कुठे वापरायचं, हे यांना हाताने माहीत. अडचण एकाच प्रश्नाची होती, आणि तो प्रश्न दरवर्षी येतोच येतो. दोन टेकूंवर ठेवलेला बीम, म्हणजे आडवी तुळई. त्यावर तीन तऱ्हेची ओझी: एका ठिकाणी टेकवलेलं वजन, म्हणजे पॉईंट लोड, काही लांबीवर सारखं पसरलेलं वजन, म्हणजे यूडीएल, आणि एका ठिकाणी कपल, म्हणजे बीमला नुसता पीळ देणारी बळांची जोडी. एवढ्यावरून बीमच्या खाली दोन आकृत्या काढायच्या. एक शिअर फोर्सची आणि तिच्याखाली एक बेंडिंग मोमेंटची. बीम कुठेही कापला असं समजायचं आणि कापल्या जागेच्या डावीकडचं सगळं वर-खालीचं बळ मोजायचं, तो शिअर. त्याच बळांची त्या जागेपासूनची वाकवण्याची ताकद मोजायची, तो मोमेंट. दोन्ही आकृत्या डावीकडे शून्यातून निघतात आणि उजव्या टोकाला शून्यातच परत यायला हव्यात. आल्या नाहीत तर कुठेतरी चुकलंय.

हे शून्यात परत येणंच यांच्या मुळावर उठलं होतं. कारखान्यात यांचा एक नियम आहे: एक सांधा पुरा केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. परीक्षेतही तेच. हा प्रश्न घ्यायचा, आकृती काढायची, ती शेवटी शून्यावर यायची नाही. मग खोडायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा खोडायचं. दीड-दोन तास तिथेच जायचे आणि बाकीचे येणारे प्रश्न तसेच राहायचे. “अहो, सोडून पुढे जायचं ना!” मी कपाळाला हात लावून म्हणाले.

“उघडा सांधा सोडून पुढं?” हे माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी चोरी करायला सांगितली.

म्हणजे उपाय एकच. तो सांधा बंद कसा होतो ते शिकवायचं.

मी एक साधं उदाहरण दिलं आणि यांना सोडवायला लावलं. यूडीएलपर्यंत गाडी झकास. शिअरची रेघ पसरलेल्या वजनाखाली तिरकी उतरली, मोमेंट तिथे कमानीसारखा वळला. पॉईंट लोडपाशी शिअर सरळ खाली पडला. तेही बरोबर. मग कपल आलं आणि यांनी शिअरची रेघ तिथेही धपकन खाली आणली.

“तिथे का पाडली?”

“कपल हाय की.”

“कपलने शिअर बदलत नाही. नुसता मोमेंट उडी मारतो.”

“असं कसं?” यांचा आवाज चढला. सासूबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं. “पीळ बसलाय म्हणजे कायतरी लोंबतंय की तिथं. लोंबतंय म्हणजे वजन. वजन म्हणजे शिअर पडनार. बिनवजनाचा पीळ कुठं असतोय?”

मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा आवाज मीही चढवला. एवढी वर्षं शिकवतेय, अनेक पोरांनी कपलची दिशा चुकवलेली बघितलीय, उडी मारायला विसरलेली बघितलीय. पण कपलपाशी शिअर पाडणारा हट्टाने भांडतो, हे पहिल्यांदाच. त्या दिवशी यांनी डबाही न घेता गाडी काढली. मी कॉलेजला गेले ती धुमसतच.

दुपारी फळ्यावर दुसरंच काहीतरी लिहिता लिहिता माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्या कारखान्यात कपल येतं कुठून? गर्डरच्या बाजूला ब्रॅकेट वेल्ड करतात आणि ब्रॅकेटच्या टोकाला ओझं टांगतात. ते ओझं गर्डरला खाली ओढतं आणि पीळही देतं. दोन्ही एकदम. यांनी आख्ख्या आयुष्यात एकटा पीळ बघितलेलाच नव्हता! बघितला तो नेहमी वजनाच्या हातात हात घालून. म्हणून कपल दिसलं, की यांचा हात आपोआप शिअरही पाडायचा. चूक होती, पण अडाण्याची नव्हती. ती काम केलेल्या माणसाची चूक होती. माझा सगळा राग एका क्षणात गेला आणि मी पोरांसमोर एकटीच हसले.

संध्याकाळी मी यांना म्हणाले, “सुट्टीच्या दिवशी एक लांब फळी, एक लोखंडी पट्टी आणि आवळायला एक सी-क्लॅम्प आणा. आणि तो पोती मोजायचा ताणकाटा.”

“कशाला?”

“बिनवजनाचा पीळ दाखवते.”

सुट्टीच्या सकाळी परसात मांडामांड झाली. दोन स्टुलं, त्यांच्यावर माणसं उभी राहतात तसले दोन वजनकाटे, एक आमचा आणि एक शेजाऱ्यांचा. दोन्ही वजनकाट्यांवर पाइपचे तुकडे आणि त्यांच्यावर फळी. टेकू ते टेकू बरोबर चार मीटर. फळीच्या मधोमध, लांबीला लागून, ऐंशी सेंटीमीटरची लोखंडी पट्टी क्लॅम्पने आवळली, दोन्ही बाजूंना सारखी. सासूबाई धुणं घेऊन आल्या आणि थबकल्या.

“अगं, हे काय मांडलंयसा? बारसं हाय का लगीन?”

“परीक्षा हाय, आई,” हे म्हणाले.

“मंग फळी कशाला परीक्षेला बसवतोस? तू बस की.”

मी दोन्ही काटे वाचले. फळी आणि पट्टी मिळून चौदा आणि चौदा किलो. वहीत टिपलं. मग पट्टीच्या उजव्या टोकाला दहा किलो तांदळाची पिशवी टांगली, आणि डावं टोक यांना ताणकाट्याने वर ओढायला लावलं. “बरोबर दहावर आणा. कमी नाही, जास्त नाही.” एका टोकाला दहा खाली, दुसऱ्याला दहा वर. फळीवर निव्वळ वजन किती वाढलं? शून्य. पण पीळ मात्र बसला: दहा किलो गुणिले पट्टीची लांबी शून्य पॉईंट आठ मीटर, म्हणजे आठाचा.

“वाचू?”

“वाच की, हात भरून यायलाय.”

“डावा बारा. उजवा सोळा.”

यांनी ताणकाटा सोडला नाही, पण मान वळवून दोन्ही काट्यांकडे पाहिलं. बेरीज अजूनही अठ्ठावीसच. डाव्याचे दोन कमी झाले होते, उजव्याचे दोन वाढले होते. आठला चाराने भागलं की दोन.

“आता कुठे लोंबतंय, सांगा,” मी म्हणाले.

यांनी ताणकाटा खाली ठेवला. पिशवी उतरवली, क्लॅम्प सोडला आणि पट्टी सरकवत पार डाव्या टेकूजवळ नेली, अर्ध्या मीटरवर. रिकामे काटे पुन्हा वाचले. पट्टीचं वजन डावीकडे सरकल्याने आता डावा पंधरा, उजवा तेरा. पुन्हा पिशवी, पुन्हा ओढणं. माझी खात्री होती, तरी मी काटे दोनदा वाचले. डावा तेरा. उजवा पंधरा.

“पुन्हा दोनच!” हे ओरडले. “कुठं बी बसीव, दोनच?”

“कुठेही बसवा. टेकूंना फक्त पीळ कळतो, त्याची जागा नाही कळत.”

मग यांनी खडू घेतला आणि परसातल्या फरशीवरच बसले. मी काही सांगितलं नाही. मधोमध कपल असलेल्या फळीची आकृती त्यांनी स्वतः काढली. शिअर उणे दोन, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ, कपलपाशी कसलीच खळखळ नाही. खाली मोमेंट: डावीकडून शून्यातून उतरत उतरत मध्यावर उणे चार. तिथे यांचा हात थांबला.

“पीळ आठाचा,” हे स्वतःशीच म्हणाले, “उजवीकडं दाबनारा. म्हंजे वर.” आणि रेघ एका फटक्यात उणे चारवरून अधिक चारवर उभी गेली. तिथून पुन्हा उतरत उजव्या टोकाला बरोबर शून्यात. मग दुसरी काढली, टेकूजवळच्या कपलची. उणे एक, आठाची उडी, अधिक सात, आणि तिथून उतरत शून्य.

“बंद झालं,” हे म्हणाले. मग मोठ्याने, “आई, बंद झालं गं!”

“काय?” सासूबाई मोरीतून ओरडल्या. “नळ?”

आम्ही दोघंही एवढे हसलो, की तांदळाची पिशवी लवंडली आणि निम्मे तांदूळ परसात सांडले. सासूबाईंनी शिव्या घालत ते गोळा केले, आम्हीही त्यांच्याबरोबर बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या आठवणीत आमची सगळ्यात सुंदर सकाळ कुठली म्हणाल, तर ती. उगाच लाजून खोटं कशाला सांगू?

तांदूळ निवडता निवडता मी बाकीचं सांगितलं. “तुमचं ब्रॅकेट म्हणजे दोन पाहुणे एकाच गाडीतून आलेले. एक पॉईंट लोड, एक कपल. पॉईंट लोड शिअर पाडतो, कपल मोमेंटला उडी देतो. पुस्तकात ते दोघं वेगवेगळे येतात, एवढंच.” हे मान डोलवत राहिले. त्यानंतर पहाटेच्या शाळेत भांडण झालं नाही असं नाही, पण या कारणाने झालं नाही.

परीक्षेचं केंद्र आमच्या कॉलेजात नव्हतं, बरंच झालं. मी रजा टाकून स्कूटरवरून यांना सोडायला गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली, हातात पट्टी. गेटवर वॉचमनने हात आडवा धरला.

“ओ पावणं, पालकांनी भाईर थांबायचं.”

“मी पालक न्हाय,” हे म्हणाले. “पोरगं हाय.” आणि हॉल तिकीट दाखवलं. वॉचमनने तिकीट बघितलं, यांच्या पिकल्या मिशा बघितल्या, पुन्हा तिकीट बघितलं आणि मग सलाम ठोकला.

गेटबाहेर झाडाखाली पोरांच्या आया बसल्या होत्या. मीही बसले. एकीने विचारलं, “तुमचा कितव्या वर्षाला?” मी म्हणाले, “माझा शेवटच्या चान्सला.” ती हळहळली. आज राहिलं तर पुन्हा कधीच नाही. ‘पुढच्या खेपेला’ म्हणायची सोयसुद्धा राहणार नव्हती. तीन तासांत मी चार वेळा पाणी प्यायले.

हे बाहेर आले ते तोंडावर काहीच न दाखवता. मी विचारायच्या आत समोरच्या चहाच्या गाड्याकडे चालायला लागले. मी मागे.

“आला होता?”

“कोन?”

“अहो, तो प्रश्न!”

यांनी खिशातून घडी केलेली प्रश्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली. होताच. आठ मीटरचा बीम. डावीकडून पहिल्या चार मीटरवर दर मीटरला दहा किलोन्यूटन यूडीएल. पाच मीटरवर चाळीस किलोन्यूटन-मीटरचं कपल, घड्याळाच्या दिशेने. सहा मीटरवर वीस किलोन्यूटनचा पॉईंट लोड. आकृत्या काढा आणि जास्तीत जास्त मोमेंट किती व कुठे ते सांगा.

“टेकू?” मी विचारलं.

“तीस आन् तीस.”

मी मनात केलं. पसरलेलं चाळीस, त्याचा मध्य दोन मीटरवर, म्हणजे ऐंशी. वीस गुणिले सहा, एकशेवीस. कपलचे चाळीस. सगळे मिळून दोनशे चाळीस, भागिले आठ, उजवा टेकू तीस. एकूण वजन साठ, म्हणजे डावाही तीस. बरोबर. माझा जीव भांड्यात पडायला लागला.

“आणि जास्तीत जास्त मोमेंट?”

“सत्तर.”

जीव पडला तो भांड्याबाहेर. शिअर तिसापासून निघतो, दर मीटरला दहा उतरतो, म्हणजे तीन मीटरवर शून्य. जिथे शिअर शून्य तिथे मोमेंट जास्तीत जास्त, हे मी दरवर्षी घोकून घेते. तिथला मोमेंट: तीस गुणिले तीन नव्वद, त्यातून पंचेचाळीस वजा. “पंचेचाळीस,” मी म्हणाले. “तीन मीटरवर पंचेचाळीस. सत्तर कुठून आणलंत? अहो, किती वेळा सांगितलं! शिअर शून्य कुठे होतो ते आधी बघायचं, सगळं घोकून घेतलं होतं ना आपण, आणि शेवटच्या क्षणी...” मी गाड्यावरच्या चार माणसांसमोर बोलत सुटले. डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं का भीतीचं, आता सांगता येणार नाही.

यांनी चहाचा घोट घेतला. “पंचेचाळीस हाय की तिथं. मी बी काढलंय. पर तू म्होरं बघ की, मॅडम.”

मी पुढे बघितलं. खरं तर यांना चूक दाखवायलाच प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला रेघ मारायला घेतली. चार मीटरवर मोमेंट चाळीस. तिथून शिअर उणे दहा, म्हणून पाच मीटरवर तीस. मग कपल. घड्याळाच्या दिशेने चाळीस. उडी वर. तीसवरून सत्तर.

माझी पेन्सिल सत्तरवर थांबली. पुढे करायची गरज नव्हती, पण केलं. सहा मीटरवर साठ. पॉईंट लोडनंतर शिअर उणे तीस, दोन मीटर, साठ वजा. शेवटी शून्य. बंद.

“शिअर शून्य हुतंय तिथं जास्त, ते खरं,” हे हळू म्हणाले. “पर कपल मधी आलं की ते आपला हिसाब येगळाच करतंय की. आमच्याकडं गर्डर फाटलेला मी जेवढ्या येळा बघितलाय, ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या टाक्यापाशीच फाटलाय. मधी न्हाय. म्हणून मी तिथं आधी बघितलं.”

एवढी वर्षं मी हा विषय शिकवतेय. आणि चहाच्या गाड्यापाशी, माझ्या विद्यार्थ्याने, मला माझ्याच विषयात पकडलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी भर रस्त्यात खो-खो हसत सुटले. गाड्यावाल्याने विचारलं, “काय झालं, वैनी?” मी म्हणाले, “मी नापास झाले!” आणि आणखी दोन चहा सांगितले.

“बाकीचे प्रश्न?” मी मग विचारलं.

“सगळं लिवलं. अर्ध्या तासात ह्ये बंद झालं, मग येळच येळ.”

तरी निकालाची धाकधूक होतीच. पेपर तपासणाराही माझ्यासारखाच निघाला आणि त्याने पंचेचाळीस धरून सत्तरवर काट मारली तर? हे मी यांना बोलले नाही, पण मधले सगळे दिवस माझ्या मनात तेच.

निकाल लागायचा त्या दिवशी दुपारी माझा तास होता. मुद्दाम मी तोच प्रश्न फळ्यावर घातला. पोरांनी झपाझप आकृत्या काढल्या. “जास्तीत जास्त मोमेंट?” मी विचारलं. सगळा वर्ग एका सुरात, “पंचेचाळीस!” एकानेही वेगळं म्हटलं नाही. मी म्हणाले, “मीही पंचेचाळीसच म्हणाले होते. शिरोलीच्या एका फोरमनने सत्तर काढलं, आणि तोच बरोबर आहे.” मग मी त्यांना फळ्यावर पाच मीटरपर्यंत घेऊन गेले आणि तीसवरून सत्तरची उडी मारून दाखवली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे सर कुठे शिकवतात?”

टेबलावर ठेवलेला फोन वाजला. वर्गात फोन वाजला की मी पोरांचा जीव घेते, हे सगळ्यांना ठाऊक. वर्ग चिडीचूप झाला. मी फोन उचलला, त्यांच्यासमोरच.

पलीकडून काहीच आवाज येईना. यांच्या कारखान्यातून फोन आला की आधी ग्राइंडरचा कर्कश आवाज येतो, हातोड्याचे ठोके येतात, मग त्यातून यांचा ओरडा येतो. इतक्या वर्षांत कधी वेगळं झालं नाही. त्या दिवशी मागे एकही मशीन चालू नव्हतं. आख्खं काम बंद करून माणसं यांच्याभोवती उभी राहिली होती, हे नंतर कळलं. मला यांचा श्वास ऐकू येत होता.

“अहो?” मी म्हणाले.

“सुटला,” हे म्हणाले. मग तिकडे एकदम गलका उठला, लोखंडावर लोखंड आपटायला लागलं, आणि इकडे माझ्या वर्गाला काय कळलं कोण जाणे, पोरांनी बाकं बडवायला सुरुवात केली. मला दोन्हीकडचं काहीच ऐकू येईना. मी खडू हातात घेऊन, फोन कानाला लावून, साठ पोरांसमोर रडत उभी होते आणि मला जराही लाज वाटत नव्हती.